काकाओटॉक नव्या फोनवर नेताना: बॅकअप, फोनबदल आणि लॉगिनच्या सूचना कशा वाचायच्या

रांजणगाव, तळेगाव, चाकण भागात कोरियन कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपशेजारी पिवळ्या रंगाचं एक अॅप असतंच. कोरियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांचं तर काकाओटॉकवाचून पानही हलत नाही. घरमालक, प्राध्यापक, ऑफिसचा गट, सगळे त्यावरच. रोजच्या वापरात हे अॅप काही त्रास देत नाही. अडचण येते ती फोन बदलताना. व्हॉट्सअॅपच्या सवयीने आपण भराभर बटणं दाबत जातो आणि शेवटी दिसतं की मित्रयादी आली, पण दोन वर्षांच्या गप्पा गेल्या.

गप्पा जातात त्या बहुतेक वेळा सूचना न वाचल्यामुळे. अॅप प्रत्येक टप्प्यावर काय होणार ते सांगत असतं. पण फोनची भाषा कोरियन असेल, किंवा इंग्रजी असूनही आपण घाईत असू, तर ते नजरेआड होतं. म्हणून हा लेख सूचना वाचण्याबद्दल आहे. पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. आवृत्तीनुसार वाक्यं थोडी बदलतात, पण त्यातले मुख्य शब्द तेच राहतात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: गप्पा फोनमध्ये असतात

काकाओटॉकचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. तुमचं नाव, प्रोफाइल, मित्रयादी, विकत घेतलेले इमोटिकॉन हे सगळं खात्याला चिकटलेलं असतं आणि खात्यात शिरलात की परत मिळतं. गप्पांचं मात्र तसं नाही. 2014 मध्ये कोरियात सरकारी यंत्रणा मेसेंजरवरची संभाषणं मिळवतात यावरून मोठा गदारोळ झाला. तेव्हा काकाओने सर्व्हरवर मेसेज ठेवण्याचा काळ कमी करून दोन-तीन दिवसांवर आणला. खासगीपणाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण त्याचा अर्थ असा की जुनी संभाषणं कंपनीकडे मागायला गेलात तरी मिळणार नाहीत. ती असतात फक्त तुमच्या फोनवर, आणि संगणकावरचं काकाओटॉक वापरत असाल तर त्या संगणकावर.

दुसरी गोष्ट. एक खातं एका वेळी एकाच मोबाइलवर चालतं. सोबत संगणक आणि टॅब्लेट जोडता येतो, पण दोन फोन नाही. नव्या फोनवर लॉगिन केलंत की जुना फोन आपोआप बाहेर पडतो, आणि तिथल्या गप्पा हातच्या गेल्या असंच धरून चालायचं. 'जुना फोन आहेच की, नंतर बघू' हा हिशेब इथे चालत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या दोन गोष्टींतून निघतात.

वाक्याचा शेवट आधी वाचा

कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. त्यामुळे सूचना समजून घ्यायची असेल तर पहिला शब्द शोधत बसू नका, शेवटाकडे बघा. तीन प्रकारचे शेवट ओळखता आले की अर्धं काम झालं.

वाक्य 됩니다 वर संपत असेल तर अॅप तुम्हाला काय होणार ते सांगत आहे. 삭제됩니다 म्हणजे पुसलं जाईल. 로그아웃됩니다 म्हणजे लॉगआउट होईल. इथे तुमचं मत विचारलेलं नाही, खालचं बटण दाबलंत की ते घडणार.

वाक्य 하시겠습니까? किंवा 할까요? वर संपत असेल तर तो प्रश्न आहे, 'करायचं का?' असा. याखाली नेहमी दोन बटणं असतात. 취소, म्हणजे रद्द. आणि 확인, म्हणजे ठीक आहे, पुढे जा. 확인 या बटणाची एक खोड आहे: नुसती माहिती देणाऱ्या चौकटीतही तेच असतं आणि सगळं पुसून टाकणाऱ्या चौकटीतही तेच. त्यामुळे चौकटीत एकच बटण आहे की दोन, हे पाहण्याची सवय लावा. दोन असतील तर हात थांबवा आणि वरचं वाक्य वाचा.

तिसरा शेवट नकाराचा. 되지 않습니다 म्हणजे होत नाही, आणि 할 수 없습니다 म्हणजे करता येत नाही. बॅकअपच्या पानावर 백업되지 않습니다 दिसलं तर त्याच्या आधी ज्या गोष्टीचं नाव आहे ती बॅकअपमध्ये जात नाही. 복원할 수 없습니다 दिसलं तर ती परत आणता येणार नाही. घाईत 백업 हा ओळखीचा शब्द दिसतो आणि वाटतं, झालं बॅकअपचं काम. शेवटचा नकार वाचायचा राहतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका गफलतीने होतं.

आता नामं. 대화 (देह्वा) म्हणजे संभाषण, म्हणून 대화 백업 म्हणजे गप्पांचा बॅकअप. 복원 (बोगवॉन) म्हणजे बॅकअपमधून परत आणणं. 기기 (गिगी) म्हणजे उपकरण, बहुतेक वेळा तुमचा फोन. 새로운 기기 म्हणजे नवं उपकरण आणि 다른 기기 म्हणजे दुसरं. 비밀번호 (बिमिलबॉन्हो) म्हणजे पासवर्ड, 인증번호 (इन्जुंगबॉन्हो) म्हणजे ओटीपी. आणि 건너뛰기 म्हणजे हा टप्पा वगळा. या शेवटच्या शब्दाकडे पुढे परत येऊ.

एक शब्द मात्र लाल अक्षरात लक्षात ठेवा: 탈퇴. याचा अर्थ खातं कायमचं बंद करणं. लॉगआउट, अॅप काढून टाकणं आणि 탈퇴 या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फोन बदलण्यासाठी 탈퇴 ची गरज कधीच नसते. कुणी कितीही खात्रीने 'एकदा खातं बंद करून परत उघड' असं सांगितलं तरी ते करू नका. फोनवरून मुद्दाम लॉगआउट करायचीही गरज नसते. त्यानेही त्या फोनवरच्या गप्पा जातात.

बॅकअप घेताना पानावर काय लिहिलेलं असतं

सेटिंग्जमध्ये (설정) जा, तिथून 채팅 म्हणजे चॅटच्या विभागात, आणि मग 대화 백업. या पानावरचा मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत. त्यात तुमच्या कामाच्या तीन अटी असतात.

पहिली अट: फुकटच्या बॅकअपमध्ये फक्त लिहिलेला मजकूर जातो. 텍스트 हा शब्द 'टेक्स्ट'च आहे. फोटो (사진), व्हिडिओ (동영상) आणि फाइली (파일) जात नाहीत. त्यासाठी काकाओची पैसे भरून घ्यायची साठवणूक सेवा आहे. ती 2021 मध्ये 톡서랍 플러스 या नावाने सुरू झाली आणि नंतर 톡클라우드 या नावाने दिसू लागली. ती घेतलेली नसेल तर फोटो हाताने काढून ठेवावे लागतात. चॅटच्या आत उजवीकडच्या मेनूत त्या चॅटचे सगळे फोटो आणि फाइली एकत्र दिसतात. तिथून निवडून फोनच्या गॅलरीत उतरवा आणि मग गॅलरी नेहमीप्रमाणे नव्या फोनवर न्या. इथे एक धक्का बसू शकतो: जुना फोटो उघडायला गेलात की 만료 असलेली सूचना येते. 만료 म्हणजे मुदत संपली. सर्व्हरवरून ती फाइल गेली आहे आणि तुम्ही ती वेळेत उतरवली नव्हती. त्यावर इलाज नाही. समोरच्याकडे असेल तर परत मागवा.

दुसरी अट: मुदत. पानावर 14일 हा आकडा असतो. 일 म्हणजे दिवस. बॅकअप घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत (이내) त्याच खात्याने लॉगिन करून परत आणला तर ठीक, नाहीतर तो पुसला जातो. व्हॉट्सअॅपचा बॅकअप आपल्या ड्राइव्हवर पडून राहतो, तसा हा राहत नाही. हा फक्त फोन बदलण्यापुरता घेतलेला बॅकअप आहे. पुढच्या महिन्यात फोन घ्यायचा म्हणून आज बॅकअप घेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही.

तिसरी अट: बॅकअपचा स्वतंत्र पासवर्ड. बॅकअप घेताना अॅप पासवर्ड ठरवायला सांगतं. हा तुमच्या काकाओ खात्याचा पासवर्ड नव्हे. खात्याचा पासवर्ड विसरलात तर ईमेल किंवा फोन नंबरवरून नवा करता येतो. बॅकअपचा विसरलात तर तो कुणीही सांगू शकत नाही, कंपनीसुद्धा. जोवर जुना फोन चालू आहे तोवर मार्ग सोपा आहे: परत बॅकअप घ्या आणि नवा पासवर्ड ठरवा. नव्या फोनवर लॉगिन झाल्यावर आठवलं नाही तर तो मार्ग बंद. कागदावर लिहा, डायरीत लिहा, पण लिहा. काकाओटॉकमध्येच स्वतःला मेसेज करून ठेवू नका. गरज पडेल तेव्हा तो मेसेज जुन्या फोनबरोबर गेलेला असेल.

या पानावर 비밀채팅 हा शब्दही भेटेल. ही गुप्त चॅटची सोय आहे. तिची किल्ली त्या फोनपुरतीच असते, त्यामुळे ती बॅकअपमध्ये जात नाही आणि नव्या फोनवर येत नाही. त्यात घराच्या कराराचा तपशील किंवा बँकेचा आकडा कुणी पाठवला असेल तर आताच वेगळा टिपून घ्या.

काही महत्त्वाची संभाषणं निव्वळ पुरावा म्हणून हवी असतात, उदाहरणार्थ घरमालकाशी अनामत रकमेबद्दल झालेलं बोलणं. त्यासाठी 대화 내보내기 असा पर्याय चॅटच्या सेटिंग्जमध्ये असतो. त्याने मजकुराची फाइल तयार होते, ती ईमेलने स्वतःला पाठवता येते. विंडोजवरच्या काकाओटॉकमध्ये चॅट उघडून Ctrl+S दाबलं तरी अशी फाइल मिळते. ही फाइल परत अॅपमध्ये भरता येत नाही, फक्त वाचता येते. पण तिला 14 दिवसांची मुदतही नाही आणि पासवर्डही नाही. पैशाच्या व्यवहाराचं बोलणं मी नेहमी असंच काढून ठेवतो.

फोन कंपनीच्या हस्तांतर अॅपबद्दल एक वाक्य. सॅमसंगच्या स्मार्ट स्विचने नव्या फोनवर काकाओटॉकचं चिन्ह येतं, गप्पा येत नाहीत. एका आयफोनवरून दुसऱ्या आयफोनवर सगळा फोन उतरवला तर बहुतेक वेळा त्या येतात, तरीही आधी बॅकअप घ्यायला काही पैसे पडत नाहीत.

एक उदाहरण: देजॉनहून पुण्याला

समजा, अनघा देजॉनमधलं शिक्षण संपवून पुण्याला परतली आहे. फोन जुना, तो बदलायचा आहे. कोरियन सिम या महिन्याच्या शेवटी बंद होणार. पुण्यात नवा फोन आणि भारतीय सिम घेतलं आहे. तिला एकाच वेळी फोनही बदलायचा आहे आणि नंबरही. सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रसंगात होतो, कारण क्रम चुकला की खातंच बदलतं.

बरेच जण काय करतात? नव्या फोनवर अॅप उघडतात, भारतीय नंबर टाकतात आणि पुढे जातात. पहिल्या पानावर दोन पर्याय असतात. एकात 카카오계정 आणि 로그인 हे शब्द असतात: असलेल्या काकाओ खात्याने आत जा. दुसऱ्यात 새로운 आणि 만들기 असतं: नवीन खातं तयार करा. अनघाने दुसरा निवडला तर भारतीय नंबरचं कोरं खातं तयार होईल. मित्रयादी नाही, गट नाही, आणि बॅकअप तर नाहीच, कारण बॅकअप जुन्या खात्याचा आहे. हे कोरं खातं पाहून लोकांना वाटतं की काकाओने सगळं पुसलं. प्रत्यक्षात जुनं खातं जसंच्या तसं आहे, फक्त आपण दुसऱ्या दाराने आत आलो.

योग्य क्रम असा. फोन बदलायच्या आधी, जुन्या फोनवरच नंबर बदलायचा. सेटिंग्जमध्ये खात्याच्या पानावर 전화번호 म्हणजे फोन नंबर असतो, तिथे 변경 म्हणजे बदल करायचा पर्याय असतो. देशाच्या यादीत 인도 (भारत, +91) निवडून पुण्याचा नंबर टाकायचा. ओटीपी भारतीय सिमवर येईल. ते सिम नव्या फोनमध्ये असलं तरी चालतं. नव्या फोनवर आलेला आकडा जुन्या फोनवर टाइप करायचा. गप्पांना धक्का लागत नाही, मित्रयादी तशीच राहते.

हे कोरियन सिम चालू असतानाच उरकणं शहाणपणाचं. बंद झालेला नंबर टेलिकॉम कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देते. त्या माणसाने त्या नंबरवर काकाओटॉक सुरू केलं की तो नंबर तुमच्या खात्यापासून सुटतो आणि तुम्हाला लॉगिनचे त्रास सुरू होतात.

नंबर झाला की खात्याच्या पानावर आणखी दोन गोष्टी तपासायच्या. एक, खात्याला जोडलेला ईमेल उघडतो का. कॉलेजचा ईमेल जोडलेला असेल आणि तो पदवीनंतर बंद होणार असेल तर आताच बदलायचा. दोन, 국가별 로그인 제한. हा देशानुसार लॉगिनवर बंदी घालणारा पर्याय आहे. सुरक्षेसाठी चांगला आहे, आणि कोरियात राहताना अनेक जण 'फक्त कोरिया' असं ठेवतात. पण भारतात आल्यावर तोच पर्याय आपल्याला स्वतःच्या दाराबाहेर उभं करू शकतो. यादीत 인도 जोडायचं, किंवा तेवढ्यापुरता बंद करायचा. कोरिया सोडण्याआधीच हे केलेलं बरं.

आता बॅकअप. समजा, 6 मार्चला रात्री साडेआठला अनघाने 대화 백업 केलं. मुदत 20 मार्चपर्यंत. ती म्हणाली, आज दमले, उद्या लॉगिन करते. 7 तारखेला दुपारी प्राध्यापकांनी शिफारसपत्राबद्दल चार मेसेज पाठवले, ते जुन्या फोनवर आले. संध्याकाळी तिने नव्या फोनवर लॉगिन केलं आणि बॅकअप परत आणला. 6 तारखेपर्यंतच्या गप्पा आल्या, पण प्राध्यापकांचे मेसेज बॅकअप घेतल्यानंतरचे. ते बॅकअपमध्ये नाहीतच. म्हणून 14 दिवसांची मुदत आहे याचा अर्थ 14 दिवस थांबायला हरकत नाही, असा घेऊ नका. बॅकअप पूर्ण झाल्याची सूचना दिसली, पानावर आजची तारीख दिसली, की त्याच बैठकीत नवा फोन हातात घ्यायचा. अनघाने 7 तारखेला लॉगिनच्या आधी जुन्या फोनवर पुन्हा एकदा बॅकअप घेतला असता तर सगळं आलं असतं.

आणि त्या बैठकीत दोन्ही फोन चार्जिंगला आणि वायफायवर हवेत.

नव्या फोनवर: परत आणण्याचं पान

अनघा नव्या फोनवर असलेल्या खात्याने लॉगिन करते. 다른 기기 हे शब्द असलेली सूचना येते: हे खातं दुसऱ्या उपकरणावर चालू आहे, इथे आलात तर तिथून बाहेर पडेल. ही सूचना आपल्याला अपेक्षितच आहे. जुन्या फोनवरचा बॅकअप पूर्ण झाला असेल तर 확인. झाला नसेल तर हीच थांबण्याची शेवटची जागा. इथे मागे फिरलात तर काहीही जात नाही.

पुढे बॅकअप सापडल्याचं पान येतं. त्यावर बॅकअपची तारीख असते. कोरियन तारखेत आधी वर्ष (년), मग महिना (월), मग दिवस (일) असतो. तारीख तुम्ही घेतलेल्या बॅकअपचीच आहे ना, हे पाहा. मोठं बटण 복원 चं असतं, आणि जवळच लहान अक्षरात वगळण्याचा पर्याय, 건너뛰기 किंवा 나중에. 나중에 म्हणजे 'नंतर'. हा शब्द फसवा आहे. एकदा आत शिरलात की सेटिंग्जमध्ये 'आता परत आण' असं बटण सापडत नाही. बॅकअप परत आणायची संधी लॉगिनच्या वेळीच मिळते.

बॅकअपचा पासवर्ड टाकल्यावर 일치하지 않습니다 असं आलं तर पासवर्ड जुळला नाही. शेवटचा नकार ओळखलात ना? घाबरून खात्याचा पासवर्ड बदलायला जाऊ नका, त्याचा याच्याशी संबंध नाही. कीबोर्ड कोरियन अक्षरांवर तर नाही ना, पहिलं अक्षर आपोआप मोठं तर होत नाही ना, हे पाहा. बहुतेक वेळा तेच असतं.

चुकून वगळलंच, तर? 14 दिवस उलटले नसतील तर मार्ग आहे. नव्या फोनवरून अॅप काढून टाका (खातं नाही, फक्त अॅप), परत घाला, त्याच खात्याने लॉगिन करा. परत आणण्याचं पान पुन्हा येतं. मधल्या काळात नव्या फोनवर आलेले मेसेज मात्र यात जातात, म्हणून महत्त्वाचे असतील तर आधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्या.

या प्रसंगी एक गोष्ट अजिबात करायची नाही: नव्या, रिकाम्या फोनवर 대화 백업 दाबणं. नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो. रिकाम्या फोनचा बॅकअप घेतलात तर दोन वर्षांच्या गप्पांच्या जागी रिकामी पेटी ठेवल्यासारखं होईल. घाबरलेला माणूस हेच करतो, कारण त्याला वाटतं बॅकअप दाबल्याने काहीतरी वाचेल.

नव्या लॉगिनची सूचना: तुमची की चोराची

लॉगिन झाल्यावर काकाओ खात्याकडून एक मेसेज येतो. 로그인 आणि 알림 (सूचना) हे शब्द त्यात असतात. आत वेळ, उपकरणाचं नाव आणि साधारण ठिकाण दिलेलं असतं. आपणच फोन बदलला असेल तर हा मेसेज येणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण तो वाचायची सवय आताच लावून घ्या, कारण एखाद्या दिवशी तो तुम्ही काहीच न करता येईल.

आधी वेळ बघा. 오전 म्हणजे सकाळचा अर्धा दिवस, 오후 म्हणजे दुपारनंतरचा. वेळ कोरियन असेल तर ती आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. पुण्यात रात्री 9:40 ला केलेलं लॉगिन तिथल्या घड्याळाने दुसऱ्या दिवशीचं 오전 1:10 दिसेल. 'मध्यरात्री एक वाजता मी तर झोपले होते' म्हणून घाबरण्याआधी साडेतीन तास वजा करा.

मग उपकरण. फोनचं मॉडेल किंवा PC. ऑफिसच्या संगणकावर काकाओटॉक लावलं असेल तर PC दिसेल. मग देश. 대한민국 म्हणजे कोरिया, 인도 म्हणजे भारत. शहर बरोबर असेलच असं नाही. इंटरनेट कंपनीच्या जोडणीवरून ते ठरतं, त्यामुळे पुण्यात बसून मुंबई दिसू शकतं. व्हीपीएन चालू असेल तर तिसराच देश दिसेल. म्हणून शहरावरून निर्णय घेऊ नका. वेळ आणि उपकरण ही दोन्ही तुमची नसतील तर मात्र गंभीर आहे.

बहुतेक वेळा अशा मेसेजात 본인이 아닌 किंवा 본인이 아니라면 असे शब्द असलेली ओळ असते: 'तुम्ही स्वतः नसाल तर'. इथेच खरी आणि खोटी सूचना वेगळी करायची असते. फसवणारे नेमकी हीच भाषा वापरतात. परदेशातून (해외) तुमच्या खात्यात लॉगिन झालं आहे, 24 तासांत खात्री करा नाहीतर खातं बंद, असं लिहून खाली लिंक देतात. पान हुबेहूब काकाओसारखं असतं, तिथे पासवर्ड टाकला की गेला.

माझा नियम सरळ आहे. मेसेज खरा असो की खोटा, त्यातल्या लिंकवर जायचंच नाही. अॅप उघडायचं, सेटिंग्जमधून स्वतःच्या हाताने खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जायचं आणि तिथली लॉगिनची नोंद पाहायची. सूचना खरी असेल तर तोच लॉगिन तिथेही दिसेल. नसेल तर मेसेज खोटा. अधिकृत खात्याच्या नावाशेजारी खूण असते हे खरं, पण प्रोफाइलच्या चित्रात तशी खूण काढून फसवणं अवघड नसतं, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

अनोळखी लॉगिन खरोखर दिसलं तर क्रम असा ठेवा. आधी ज्या ईमेलवरून खातं परत मिळवता येतं त्या ईमेलचा पासवर्ड बदला, नाहीतर काकाओचा नवा पासवर्डही चोराच्या हाती जाईल. मग काकाओ खात्याचा पासवर्ड बदला आणि त्या वेळी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करण्याचा पर्याय दिसला तर निवडा. त्यात तुमचा स्वतःचा फोनही येणार असेल तर आधी त्यावर बॅकअप घ्या. मग जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून अनोळखी संगणक काढा. शेवटी 2단계 인증, म्हणजे दुहेरी पडताळणी, सुरू करा.

संगणकाबद्दल एक वेगळी सूचना येते, ती ऑफिसवाल्यांच्या कामाची. नव्या संगणकावर लॉगिन करताना पडताळणी लागते आणि दोन पर्याय मिळतात. 내 PC म्हणजे हा माझा संगणक, पुढे विचारू नकोस. 1회용 म्हणजे या एका वेळेपुरतं. ऑफिसच्या सामायिक संगणकावर, ग्रंथालयात, हॉटेलात नेहमी दुसरा निवडा. आणि तुम्ही कुठेही लॉगिन करत नसताना पडताळणीची सूचना किंवा 인증번호 आला, तर कुणाकडे तुमचा पासवर्ड आधीच असू शकतो आणि तो फक्त या आकड्यापाशी अडला असू शकतो. तो आकडा कुणालाही सांगायचा नाही. काकाओचा माणूस आहे म्हणून फोन आला तरी नाही, ऑफिसातल्या किमसाहेबांच्या खात्यावरून मेसेज आला तरी नाही. त्यांचंही खातं गेलेलं असू शकतं. त्यांना फोन करून विचारा.

जुना फोन विकण्याआधी

नव्या फोनवर गप्पा दिसल्या म्हणून लगेच जुना फोन 초기화, म्हणजे पूर्ण कोरा करू नका. आधी तीन-चार जुनी संभाषणं उघडून अगदी वर, पहिल्या मेसेजपर्यंत जाऊन पाहा. गॅलरीत उतरवलेले फोटो नव्या फोनवर उघडतात का, नुसती चौकट दिसते का, तेही पाहा. काकाओचं डिजिटल प्रमाणपत्र वापरत असाल तर ते फोनला बांधलेलं असतं, नव्या फोनवर पुन्हा काढावं लागतं. काकाओपेचीही पडताळणी नव्याने होते. कोरियातली बँक, विमा किंवा कराचं काही काम शिल्लक असेल तर ते त्या प्रमाणपत्रावर अडकतं, आणि कोरियन नंबर बंद झाल्यावर ते नव्याने काढणं फार अवघड जातं. म्हणून अशी कामं सिम चालू असेपर्यंत उरका. हे सगळं तपासून झालं की जुना फोन कोरा करायला हरकत नाही.